नवीन नोकरीची पोस्ट : कोणाचं नाव घ्यावं, कोणाचं नको?

रानजाई

नमस्कार मंडळी. येत्या सोमवारी रांजणगावच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीमध्ये रुजू होते आहे. आधी चाकणला एका कास्टिंग-मशिनिंगच्या कारखान्यात क्वालिटीत होते, मग बाबांच्या आजारपणात दीड वर्ष घरी. आता लिंक्डइनवर कळवायचंय आणि ज्यांनी मदत केली त्यांचे आभारही मानायचेत. इंग्रजी नंतर करेन, आधी मराठीत लिहून पाहिलंय. आमच्या क्षेत्रातले बरेच पुरवठादार आणि जुने सुपरवायझर व्हॉट्सॲपवर मराठीतच वाचतात, तिथेही हेच टाकीन म्हणते. मसुदा असा :

"कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, रांजणगाव येथील एका नामांकित बहुराष्ट्रीय कंपनीत सीनियर इंजिनियर या पदावर माझी निवड झाली आहे. दीड वर्षाच्या खंडानंतर, तीन खडतर फेऱ्या पार करून हे स्वप्न साकार झालं. माझ्यासारख्या साध्या घरातल्या मुलीसाठी ही वाट सोपी नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवणारे माझे माजी प्लांट हेड म. सर, रेफरल देणारा मित्र स., मार्गदर्शक ज. सर आणि कुटुंबीय यांचे मनःपूर्वक आभार. तुमच्याशिवाय हे शक्य नव्हतं."

नवऱ्याच्या मते हे 'नगरसेवकाच्या फ्लेक्ससारखं' वाटतंय. मला राग आला, पण त्याचं चुकलंय असंही म्हणवत नाही. कुठे बिघडतंय ते सांगा. रविवारी रात्री टाकायचा विचार आहे.

सोनचाफा

अभिनंदन गं! दीड वर्षानंतर परत उभं राहणं सोपं नाही. मला तर मसुदा आवडला. तीन फेऱ्या पार केल्यास तर सांगायला काय हरकत आहे?

खडूस

नवरा हुशार आहे. 'नामांकित', 'खडतर', 'स्वप्न साकार' आणि वर 'साध्या घरातली मुलगी'. आधी स्वतःला खाली बसवायचं म्हणजे नंतरची उडी उंच दिसते, ही जुनी युक्ती आहे. आभार शेवटच्या दोन ओळींत उरकलेत, आणि तेही हजेरी घेतल्यासारखे. मुळात पोस्ट हवीच कशाला? चार जणांनी मदत केली, चार फोन करा.

बापूसाहेब

अभिनंदन पोरी. माझा अनुभव सांगतो. थोरल्याला कॉलेजातून नोकरी लागली तेव्हा मी सोसायटीच्या ग्रुपवर पॅकेजसकट टाकलं, पेढे वाटले. पुढे कंपनीने जॉइनिंग ढकलत ढकलत नेलं. तोवर जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय, लागला का कामाला?" पोरगा लिफ्टने जायला लागला. तेव्हा पॅकेज अजिबात लिहू नकोस.

रानजाई

बापूसाहेब, पॅकेज कुठेच नाहीये हो. पण जॉइनिंगचा मुद्दा पटला. खडूस, फोन करणारच आहे. पोस्ट एवढ्यासाठी की दीड वर्षात माझा नंबर बदलला, जुना ईमेल बंद झाला, आणि सगळ्यांना वाटतंय की मी काम सोडलं ते सोडलंच.

अनिकेत_औंध

हो, हे कारण रास्त आहे. बाय द वे, तिकडे क्वालिटीत अजून जागा आहे का? सीव्ही पाठवू?

मीनल_ठाणे

रानजाई, अभिनंदन. मी उत्पादन क्षेत्रातल्या कंपन्यांत एचआर सांभाळलंय. मसुद्याच्या भाषेकडे नंतर वळू, आधी वेळ. रविवारी नको. ऑफर लेटर हातात असलं तरी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन पुष्कळदा जॉइनिंगनंतरही चालू असतं. रुजू हो, ओळखपत्र आणि ईमेल मिळू दे, तुझ्या टेबलावर नक्की कोणतं काम येतंय ते कळू दे. आठवड्या-दोन आठवड्यांनी टाकलंस तर 'निवड झाली' याऐवजी 'अमुक काम करते आहे' असं लिहिता येतं, आणि तेवढ्यानेच निम्मा फुगा उतरतो.

प्रोफाइल आणि पोस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोफाइलवर नवीन पद घालताना `Notify network` असं एक बटण दिसतं. ते चालू राहिलं तर तुझ्या पोस्टच्या आधीच लिंक्डइन सगळ्यांना वर्दी देऊन मोकळं होतं. मग ज्याने रेफरल दिला त्याला ही बातमी तुझ्याआधी यंत्राकडून कळते. ते बंद ठेव. जुन्या नोकरीला शेवटचा महिना घातलाय ना तेही बघ. लोक विसरतात, मग दोन्हीकडे 'आजपर्यंत' असं दिसत राहतं.

आणि तुझे म. सर. ते अजून त्याच जुन्या कंपनीत आहेत का?

रानजाई

हो, तिथेच प्लांट हेड आहेत. या जागेबद्दल त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितलं, आणि रेफरन्ससाठी फोन गेला तेव्हाही तेच बोलले.

मीनल_ठाणे

मग थांब. ज्यांनी तुला मदत केली ते आज कुठे बसलेत यावर सगळं ठरतं. तू आधीच बाहेर होतीस म्हणून 'आमचा माणूस फोडला' असं कुणी म्हणणार नाही, तरी त्यांच्या हाताखालची दहा माणसं ती पोस्ट वाचतील आणि उद्या 'सर, माझंही बघा ना' म्हणून दारात उभी राहतील. त्यांच्या वरिष्ठांनी वाचलं तर तिसरंच काहीतरी. टॅग करायच्या आधी विचार, नावाने उल्लेख करायच्या आधीही विचार.

मित्र स. ने रेफरल दिला तो नव्या कंपनीतूनच का?

रानजाई

हो. पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. तो तिथे परचेसमध्ये आहे.

जयदीप_के

रेफरल देणाऱ्याला बोनस मिळतो, त्याचे कसले आभार! आणि जाहीर टॅग केलंत तर त्याचा बोनस बुडेल, आमच्याकडे एकाचा बुडालाय. प्रोबेशन संपेपर्यंत कुणाचंच नाव घेऊ नये असा नियमच असतो.

मीनल_ठाणे

जयदीप, असा नियम मी तरी कुठे पाहिला नाही. बोनस साधारण नवा माणूस ठरावीक महिने टिकल्यावर देतात, तो टॅगमुळे जात नाही. जातो तो माणूस मधेच सोडून गेला, किंवा रेफरल देणारा स्वतः मुलाखत घेणाऱ्यांत किंवा निर्णय घेणाऱ्यांत निघाला तर. तुमच्याकडे कदाचित असं काही झालं असेल. पण एक धागा तुमच्या म्हणण्यात आहे : 'स.मुळे नोकरी मिळाली' असं जाहीर वाचलं की त्याच्या कंपनीतल्या माणसाला ते वशिला म्हणून ऐकू येतं. त्याने खरं तर काय केलं? सीव्ही योग्य माणसापर्यंत पोचवला. तेवढंच लिहायचं, किंवा त्याला विचारून काहीच नाही.

जयदीप_के

आमच्याकडचा तो मुलाखतीच्या पॅनलवर होता खरा. असो.

नट-बोल्ट

उशिरा येतोय. मी पंचवीसेक वर्षं याच धंद्यात आहे, त्यातली बरीच सप्लायर क्वालिटीत. ताई, एक प्रश्न कुणी विचारला नाही. तुमची जुनी कंपनी तुमच्या नव्या कंपनीला माल पुरवते का?

रानजाई

हो. दोन पार्ट जातात. मला कुठले सप्लायर देणार ते अजून ठरलेलं नाही, पण कास्टिंगचा अनुभव म्हणून घेतलंय, तेव्हा तेही येऊ शकतात.

नट-बोल्ट

तेच म्हणतोय. मीनलताईंनी म. सरांच्या बाजूने पाहिलं, आता तुमच्या बाजूने बघा. उद्या त्यांच्याकडून पार्टच्या मंजुरीची पीपीएपी फाइल येईल, सही तुमची. लाइनवर एखादा लॉट अडकला की तो परत पाठवायचा की सवलत देऊन डेव्हिएशनवर घ्यायचा, त्यात शब्द तुमचा. आणि लिंक्डइनवर तुमच्याच हाताने लिहिलेलं असेल, 'म. सरांशिवाय हे शक्य नव्हतं'. तुम्ही कितीही सरळ वागलात तरी पहिला वादाचा लॉट पास केलात की कुणीतरी ती ओळ दाखवणार. उलटही होतं. आपण पक्षपाती दिसू नये म्हणून माणूस त्याच पुरवठादाराशी नको तितका ताठ वागतो. हे मी जवळून पाहिलंय, त्यात पुरवठादाराचं विनाकारण नुकसान झालं.

इथे आभार खोटे नाहीत, फुशारकीही नाही, पण जागा चुकीची आहे. म. सरांचं नाव जाहीर नको. त्यांना प्रत्यक्ष भेटा, आणि रुजू व्हायच्या आधी भेटा. नंतर तुम्ही त्यांच्या 'कस्टमर'. मग साधा चहासुद्धा कोण पाजतोय ते बघावं लागेल.

खडूस

म्हणजे अख्ख्या चाकण-रांजणगावात कुणी कुणाला ओळखत नाही असं सोंग घ्यायचं? तिथे निम्मे लोक एकमेकांकडे काम करून आलेले असतात. सगळ्यांना माहीत असतं.

नट-बोल्ट

ओळख लपवायची नाहीच. उलट ती योग्य जागी सांगायची. जॉइनिंगच्या कागदांत बहुतेक मोठ्या कंपन्यांत हितसंबंधांचा एक फॉर्म असतो, त्यात नातेवाईक पुरवठादारांकडे आहेत का वगैरे विचारतात. त्यात जुनी नोकरी आणि म. सरांचा रेफरन्स दोन्ही लिहा, आणि मॅनेजरला तोंडीही सांगा. हवं तर तो पुरवठादार दुसऱ्याकडे द्या म्हणा. एकदा तिथे नोंद झाली की पुढे कुणी बोट दाखवलं तरी उत्तर तयार. ओळख असण्यावर कुणाचा आक्षेप नसतो, ती नंतर बाहेरून कळली की आक्षेप.

सोनचाफा

बिचाऱ्या सरांनी एवढं केलं आणि नाव नाही! त्यांना वाईट नाही वाटणार?

रानजाई

काल संध्याकाळी त्यांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "घाल की नाव, मला कोणाची भीती आहे? माझी निवृत्ती जवळ आलीय." आता काय करू?

मीनल_ठाणे

मोठ्या मनाने म्हणाले. पण ज्याने उपकार केलेत त्याला 'नाव घालू का' विचारलं की नको म्हणायला भीड पडते. नट-बोल्टांच्या मुद्द्यावर तर त्यांची परवानगी चालतच नाही, कारण तिथे प्रश्न त्यांच्या अडचणीचा नाही, तुझ्या सहीचा आहे. त्यांना हेच कारण सांग. प्लांट हेड आहेत, त्यांना ते आपल्यापेक्षा आधी कळेल.

खडूस

मला अजून हे अती वाटतं. पण सहीचा मुद्दा खोडता येत नाहीये, म्हणून गप्प बसतो.

नट-बोल्ट

आता उरले ज. सर. ते कोण?

रानजाई

आमचे जुने क्वालिटी मॅनेजर, निवृत्त आहेत, चिंचवडला राहतात. मुलाखतीची तयारी त्यांनी करून घेतली. दर रविवारी बोलवायचे. जुन्या ग्राहक तक्रारींचे एटडी रिपोर्ट, म्हणजे मूळ कारण आणि उपाय मांडणारे अहवाल, माझ्याकडून आठवून पुन्हा लिहून घेतले. मी मूळ कारणात 'ऑपरेटरकडून चूक झाली' आणि उपायात 'ऑपरेटरला समज दिली' लिहिलं की कागद परत करायचे. म्हणायचे, "त्याला चूक करता आली कशी ते लिही." फिक्स्चरमध्ये पार्ट उलटा बसू शकतो का, गेज शेवटचं कधी तपासलं, तिथवर नेऊन सोडायचे. मुलाखतीत नेमकं तेच निघालं. पुरवठादाराने 'ऑपरेटर ट्रेनिंग' लिहून एटडी पाठवलाय, तुम्ही स्वीकाराल का, असं विचारलं. माझं उत्तर तयार होतं.

नट-बोल्ट

अहो, हे सगळं सोडून तुम्ही 'मार्गदर्शक ज. सर' लिहिलंत! पोस्ट इथे आहे. ते निवृत्त आहेत, कुणाच्या धंद्यात नाहीत, त्यांचं नाव मोकळेपणाने घ्या. आणि वाचणाऱ्या एखाद्या नवख्या पोराला एटडीतली एक गोष्टही समजेल. या वाक्यांत काम सर करतायत, त्यामुळे तुम्हाला स्वतःबद्दल नम्र व्हायची गरजही पडत नाही.

फक्त ग्राहकाचं, पार्टचं नाव येऊ देऊ नका. जुन्या तक्रारी जुन्या कंपनीच्या मालकीच्या.

अनिकेत_औंध

वा, हे उदाहरण मी माझ्या मुलाखतीत वापरतो. जागेचं मात्र कुणी बोलत नाहीये :)

रानजाई

अनिकेत, रुजू तरी होऊ द्या! पहिल्या दिवशीच रेफरल देत सुटले तर लोक म्हणतील काय.

दुसरा मसुदा. कंपनीचं नाव मूळ पोस्टमध्ये येईल :

"काही दिवसांपासून रांजणगावला सप्लायर क्वालिटीचं काम बघते आहे. वडिलांच्या आजारपणात दीड वर्ष घरी होते. परत मुलाखती द्यायच्या ठरवल्या तेव्हा ज. सरांनी दर रविवारी चिंचवडला घरी बसवून माझ्याकडून एटडी लिहून घेतले. 'ऑपरेटरला समज दिली' असं लिहिलं की कागद परत यायचा. 'त्याला चूक करता आली कशी ते लिही,' म्हणायचे. आता पुरवठादारांचे रिपोर्ट वाचताना तेच विचारते. माझा सीव्ही योग्य टेबलापर्यंत पोचवणाऱ्या वर्गमित्राचे, आणि खंडाबद्दल काय सांगावं हे ओळख नसताना सविस्तर लिहून पाठवणाऱ्या एका ताईंचे आभार. आणखी काही जणांना प्रत्यक्ष भेटून सांगितलं आहे. माझा नंबर बदललाय, मेसेज केलात तर देईन."

मीनल_ठाणे

फार बरं झालं. दोन गोष्टी. यादीत फक्त पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात, बाकी 'आणखी पाहा' दाबल्यावर. त्यामुळे सर वर यायला हवेत, 'काही दिवसांपासून' नंतर लगेच. दुसरं, पुरवठादारांचे रिपोर्ट वाचताना 'तेच विचारते' हे वाक्य काढ. नव्या नोकरीत चार दिवस झालेत आणि पुरवठादारांना जाहीर दम दिल्यासारखं वाचलं जाईल.

मित्राला टॅग नाही ना करत?

रानजाई

विचारलं. तो म्हणाला, नाव नको, परचेसमधल्या लोकांना आधीच कमी मेसेज येतात का! वाक्य काढते.

खडूस

'आणखी काही जणांना प्रत्यक्ष भेटून सांगितलं आहे' ही ओळ कशाला? वाचणारा अंदाज बांधत बसेल, ते कोण.

सोनचाफा

मला ती ओळ हवी वाटते. शेजारच्या काकू, नवरा, सासूबाई, यांना कळतं की आपण मोजणीत आहोत.

खडूस

शेजारच्या काकू लिंक्डइनवर?

नट-बोल्ट

खडूसरावांशी सहमत. म. सरांचं नाव गाळून त्यांच्या जागी टिंब टिंब ठेवल्यासारखं होतंय. पूर्ण गाळा. दीड वर्षाच्या खंडाचं मात्र ठेवायचं की नाही यावर माझं मत पक्कं नाही.

मीनल_ठाणे

माझं आहे, ठेवावं. आजारपणाचा तपशील नको, पण एक ओळ असावी. नाहीतर तारखांमधली फट बघून लोक आपापलं कारण लावतात.

जयदीप_के

मी काढेन. उद्या पुढच्या नोकरीत हेच शोधून विचारतील.

मीनल_ठाणे

तारखा प्रोफाइलवर दिसतातच, जयदीप. विचारायचंच असेल तर तसेही विचारतील.

जयदीप_के

तरीपण. घरातलं आजारपण सगळ्या गावाला कशाला? बाबांना विचारलंय का?

रानजाई

नाही विचारलं. हे सुचलंच नव्हतं. विचारते.

मीनल_ठाणे

हा प्रश्न मलाही सुचायला हवा होता. विचार.

आणि एक सावधगिरी. नव्या नोकरीची पोस्ट पडली की लगेच 'मी कंपनीचा एमडी बोलतोय, मीटिंगमध्ये आहे, तातडीने गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव' असे मेसेज येतात. वरिष्ठांचा आवाज, सवयी अजून माहीत नसतात म्हणून ते मुद्दाम नवख्यांनाच गाठतात. ऑफर लेटर किंवा ओळखपत्राचा फोटोही पोस्टला लावू नकोस, त्यावर कर्मचारी क्रमांक असतो.

रानजाई

(तीन आठवड्यांनी) रुजू झाले. फॉर्ममध्ये जुनी कंपनी आणि रेफरन्स दोन्ही लिहिलं, मॅनेजरला सांगितलं. ते फार काही बोलले नाहीत, जुनी कंपनी दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिली. म. सरांना जॉइनिंगच्या आधीच्या शनिवारी घरी भेटून आले. सहीचं कारण सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे. आणि माझा लॉट अडवलास तरी मी रागावणार नाही." मग लगेच, "पण आधी फोन कर."

बाबा म्हणाले, आजारपण लिहू नकोस, 'घरच्या जबाबदारीमुळे' एवढं लिही. तसं लिहिलं. पोस्ट काल टाकली. ज. सरांनी खाली एकच प्रतिक्रिया दिली : "तिसऱ्या ओळीत 'चूक'मधला 'चू' ऱ्हस्व झालाय."

नट-बोल्ट

'आधी फोन कर' हेच ते. तो फोन तुमच्या सहकाऱ्याने करायचा आता, तुम्ही नाही.

रानजाई

हो. तेही सांगायला हवं होतं त्यांना. सांगेन.

बापूसाहेब

धाकट्याला परवा नोकरी लागली. सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहू, दोन ओळी सुचवा. पॅकेज नाही लिहीत.

खडूस

रुजू झालाय का?

बापूसाहेब

पुढच्या महिन्यात.